अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलंय, पण यकृताचं की हाडांचं?

एका बाईंच्या रिपोर्टपासून सुरुवात करतो. वय 47. आठ महिन्यांपासून कंबर, मांड्या आणि जांघा दुखतात. जिना चढताना कठडा धरावा लागतो, जमिनीवरून उठताना हात टेकावे लागतात. तपासण्या केल्या तेव्हा लिव्हर फंक्शन टेस्टमध्ये एकच आकडा ठळक अक्षरांत छापून आला: अल्कलाइन फॉस्फेटेज 268. त्या प्रयोगशाळेची वरची मर्यादा 120 युनिट प्रति लिटर. म्हणजे दुपटीहून जास्त. बिलिरुबिन 0.6, एएलटी 22, अल्ब्युमिन 4.1, सगळं जिथल्या तिथे. लिव्हरच्या तपासणीत गडबड निघाली म्हणून सोनोग्राफी केली, तर पित्ताशयात 9 मिलिमीटरचा एक खडा दिसला.

झालं. खडा सापडला, आकडा वाढलेला आहे, दोन्हीची सांगड लागली. पित्ताशय काढायचं बोलणं सुरू झालं. मांड्या दुखण्याचं काय, हा प्रश्न वयाच्या नावावर जमा झाला.

इथे कुणीतरी 'गॅमा जीटी केली का?' असं विचारलं, आणि ती तपासणी 19 आली. बायकांमध्ये ती साधारण 40 पर्यंत चालते. या एका आकड्याने सगळी गोष्ट पालटली. ती का पालटली, हे समजून घ्यायचं तर आधी अल्कलाइन फॉस्फेटेज हे प्रकरण काय आहे ते बघावं लागेल.

अल्कलाइन फॉस्फेटेज, आम्ही बोलताना नुसतं एएलपी म्हणतो, हे एक एन्झाइम आहे. दुसऱ्या रेणूंना चिकटलेला फॉस्फेटचा तुकडा कापून वेगळा करणं हे त्याचं काम. नाव लिव्हर फंक्शन टेस्टच्या यादीत छापलेलं असल्यामुळे ते यकृताचंच असं वाटतं, पण तसं नाही. निरोगी मोठ्या माणसाच्या रक्तातलं एएलपी बहुतांश दोन ठिकाणांहून येतं, यकृतातून आणि हाडांतून, आणि दोघांचा वाटा साधारण सारखाच असतो. आतड्यातून थोडं येतं, आणि गरोदरपणात वारेतून येतं.

खरी अडचण पुढे आहे. यकृतातलं आणि हाडातलं एएलपी एकाच जनुकावरून बनतं. प्रथिनाची साखळी तीच. फरक फक्त तिच्यावर नंतर चिकटवलेल्या साखरेच्या शेपट्यांचा. प्रयोगशाळेतलं मशीन मात्र एवढंच मोजतं की दिलेल्या रसायनातून फॉस्फेट किती वेगाने सुटतो आणि त्यामुळे द्रावण किती पिवळं होतं. फॉस्फेट सोडवण्याचं काम दोघंही सारखंच करतात, त्यामुळे मशीनला ते एकच दिसतं. रिपोर्टवरचा 268 ही बेरीज आहे. त्यात कुणाचे किती, हे त्या आकड्यात लिहिलेलं नसतं.

आता गॅमा जीटी. हेही एन्झाइमच. यकृताच्या पेशींत आणि पित्तनलिकांच्या अस्तरात ते भरपूर असतं. मूत्रपिंडात आणि स्वादुपिंडातही असतं, पण रक्तात जे सापडतं ते मुख्यतः यकृताचं. हाडं बांधणाऱ्या पेशींत ते जवळजवळ नसतंच. सगळी युक्ती याच गोष्टीवर उभी आहे. पित्ताच्या वाटेत अडथळा आला की एएलपी आणि गॅमा जीटी दोन्ही चढतात. हाडांत गडबड असेल तर एएलपी चढतं आणि गॅमा जीटी जागचं हलत नाही.

अडथळा आल्यावर एएलपी का वाढतं, याबद्दल एक गैरसमज आहे. पेशी फुटतात आणि आतलं एन्झाइम सांडतं, असं अनेकांना वाटतं. एएलटी या यकृताच्या पेशींतल्या एन्झाइमच्या बाबतीत ते बरोबर आहे. एएलपीचं तसं नाही. यकृताच्या पेशींची जी बाजू पित्ताच्या बारीक नाल्यांकडे असते, त्या बाजूच्या पडद्यावर एएलपी बसलेलं असतं. पित्त तुंबलं की साचलेली पित्ताम्लं पेशीला आणखी एएलपी बनवायला लावतात, आणि पडद्यावरचं एएलपी सुटून रक्तात येतं. म्हणजे हा नव्याने झालेला माल आहे, आणि तो तयार व्हायला वेळ लागतो. म्हणूनच पित्तनलिकेत खडा अचानक अडकून पोटात जीवघेणी कळ आलेल्या माणसाचं पहिल्या काही तासांतलं रक्त तपासलं, तर एएलटी शेकड्यांत आणि एएलपी जवळपास नॉर्मल असं चित्र दिसू शकतं. एक-दोन दिवसांनी हेच चित्र उलटतं. पहिल्या दिवसाचं नॉर्मल एएलपी बघून 'नलिकेत काही नाही' म्हणणं घाईचं ठरतं.

आता त्या बाईंच्या शेजारी दुसरा रिपोर्ट ठेवू. साठीचे एक गृहस्थ. एएलपी तेच, 268. गॅमा जीटी 412, पुरुषांची मर्यादा साधारण 60. एएलटी थोडं वर, 58. बिलिरुबिन 1.1, कावीळ नाही. तक्रार एकच, अंगभर खाज, रात्री जास्त. इथे गॅमा जीटीने उत्तर सरळ यकृताकडे वळवलं. सोनोग्राफीत मुख्य पित्तनलिका 11 मिलिमीटर रुंद दिसली, एरवी ती 6 च्या आतबाहेर असते. एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, केल्यावर नलिकेच्या खालच्या टोकाशी खडा दिसला. कावीळ का नव्हती? अडथळा अर्धवट होता. थोडं पित्त वाहत असेल तर बिलिरुबिन निभावून जातं, एएलपी आणि गॅमा जीटी मात्र आधीच ओरडायला लागतात. एन्डोस्कोपीने खडा काढला, खाज गेली, आणि पुढच्या काही आठवड्यांत दोन्ही आकडे खाली आले.

दोघांचंही एएलपी 268, आणि दोघांनाही खडा. फरक खडा कुठे आहे याचा. पित्ताशय ही वाटेच्या कडेला असलेली पिशवी आहे. पिशवीत निवांत पडलेला खडा पित्ताची मुख्य वाट अडवत नाही, त्यामुळे तो सहसा एएलपी वाढवत नाही. बाईंची मुख्य नलिका 4 मिलिमीटर होती, अगदी साधी. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ते लिहिलेलंही होतं, पण 'खडा' हा शब्द वाचल्यावर पुढची ओळ कोण वाचतो!

खडा, गाठ किंवा चिंचोळी झालेली नलिका सापडत नसेल आणि तरीही दोन्ही आकडे वाढलेले असतील, तर यकृताच्या आतलं कारण शोधावं लागतं. काही औषधं, विशेषतः अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट, कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीही असा त्रास देतात. मध्यमवयीन बाईंना सतत थकवा आणि खाज असेल, सोनोग्राफी स्वच्छ असेल, तर यकृतातल्या बारीक पित्तनलिका हळूहळू नष्ट करणाऱ्या प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिससाठी अँटिमायटोकॉन्ड्रियल अँटिबॉडी तपासतात. यकृतात क्षयाच्या गाठी किंवा पसरलेला कर्करोग असला तरी बिलिरुबिन नॉर्मल राहून हे दोन आकडे चढलेले दिसतात.

इथवर सगळं सोपं वाटतं. दोन्ही वाढले तर यकृत, एकटं एएलपी वाढलं तर हाड. अनेक ठिकाणी ते एवढंच शिकवलं जातं आणि मला तिथेच थोडं अडायचं आहे. हा नियम दोन्ही दिशांनी सारखा पक्का नाही. गॅमा जीटी नॉर्मल असेल तर यकृताला सोडून द्यायला तो चांगला आधार आहे. गॅमा जीटी वाढलेलं असेल तर वाढलेलं एएलपी यकृताचंच, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

कारण गॅमा जीटी फार हळवं आहे. नियमित दारूने ते वाढतं, लठ्ठपणात वाढतं, मधुमेह आणि फॅटी लिव्हरमध्ये वाढतं. फिट्सची जुनी औषधं, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन, ही यकृताच्या पेशीला जास्त एन्झाइम बनवायला लावतात आणि गॅमा जीटी वर नेतात, यकृताला काही इजा झालेली नसतानाही. म्हणजे हाडांमुळे एएलपी वाढलेल्या माणसाचं गॅमा जीटी भलत्याच कारणाने वाढलेलं असू शकतं. दोन वेगळ्या गोष्टी एका कागदावर शेजारी छापल्या जातात, आणि वाचणाऱ्याला त्या एकाच आजाराच्या वाटतात.

फेनिटॉइन यातला सगळ्यात फसवा खेळाडू. बारा वर्षं फेनिटॉइन घेणाऱ्या माणसाचा रिपोर्ट डोळ्यांसमोर आणा: एएलपी 190, गॅमा जीटी 96, एएलटी आणि बिलिरुबिन नॉर्मल. नियमाप्रमाणे हे यकृत. पण जे औषध गॅमा जीटी वाढवतं, तेच यकृतात व्हिटॅमिन डीचा निचराही वेगाने करतं. वर्षानुवर्षं डी कमी पडलं की हाडं नीट पक्की होत नाहीत आणि हाडांतलं एएलपी वाढतं. एकच गोळी, पण गॅमा जीटी एका वाटेने वाढवते आणि एएलपी दुसऱ्या. अशा वेळी सोनोग्राफीवर सोनोग्राफी करून काही हाती लागत नाही. रक्तातलं डी बघितलं की लागतं.

मग असा संशय आला तर काय करायचं? दोन आकडे आपापल्या मर्यादेच्या किती पट आहेत हे बघायचं. पित्त खरोखर तुंबलेलं असताना गॅमा जीटी सहसा एएलपीपेक्षा जास्त पटींनी वाढतं. वरच्या गृहस्थांचं एएलपी सव्वादोन पट होतं, गॅमा जीटी जवळपास सात पट. एएलपी तिप्पट आणि गॅमा जीटी जेमतेम दीडपट असेल तर मी तरी हाडांची चौकशी केल्याशिवाय पुढे जात नाही. हा काही अचूक नियम नाही, पण शंका घ्यायला पुरेसा आहे. कारण दारू वाटत असेल तर ती पूर्ण बंद करून काही आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचं. गॅमा जीटी दोन-तीन आठवड्यांत साधारण निम्म्यावर येतं. ते उतरलं आणि एएलपी जिथल्या तिथे राहिलं, तर दोघांचं कारण वेगळं होतं हे उघड झालं.

एवढ्याने भागत नसेल तर एएलपीची फोड करणाऱ्या तपासण्या आहेत. जुनी पद्धत उष्णतेची. सीरम 56 अंश सेल्सिअसवर दहा मिनिटं ठेवायचं आणि किती एएलपी शिल्लक राहतं ते मोजायचं. हाडाचं लवकर मरतं, यकृताचं त्यामानाने तग धरतं, वारेचं तर बेधडक टिकतं. तापमान अर्ध्या अंशाने चुकलं तरी उत्तर बदलतं, म्हणून आता तिच्यावर फारसं कुणी विसंबत नाही. आता इलेक्ट्रोफोरेसिस करतात, म्हणजे विजेच्या प्रवाहाने प्रथिनांचे वेगवेगळे पट्टे पाडतात. त्यात यकृताचा आणि हाडाचा पट्टा एकमेकांवर चढतो, तो सुटा करायला गव्हाच्या अंकुरातलं लेक्टिन नावाचं प्रथिन वापरतात, ते हाडाच्या एएलपीच्या साखरेच्या शेपट्या घट्ट पकडतं. शेवटी त्या शेपट्याच कामी येतात! हाडाचं एएलपी थेट मोजणारी अँटिबॉडीची तपासणीही मिळते. तीही पूर्ण निखळ नाही. यकृताचं एएलपी खूप वाढलेलं असेल तर त्यातलं थोडं तिच्यातही मोजलं जातं.

आता दुसऱ्या टोकाकडे येऊ. एएलपी वाढलेलं, गॅमा जीटी नॉर्मल. यातून 'हाडाचा आजार' असा थेट निष्कर्ष निघत नाही. निघतो तो एवढाच की यकृत बहुधा नाही. माणूस कोण आहे हे आधी बघावं लागतं. वाढीच्या वयातल्या मुलाचं एएलपी मोठ्या माणसाच्या तिप्पट असणं हे उंची वाढत असल्याचं लक्षण आहे. कॉम्प्युटरने मोठ्यांची मर्यादा लावून तो आकडा ठळक छापला, की घरच्यांची झोप उडते. पाच वर्षांखालच्या मुलांत कधी कधी, साध्या सर्दी-जुलाबाच्या आजारपणानंतर, एएलपी हजारांत जातं आणि काही आठवड्यांत ते महिन्यांत आपसूक उतरतं. बाळ खेळतंय, हाडं आणि यकृत ठीक आहेत, तर थांबून पुन्हा तपासणं एवढंच करायचं असतं. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत वारेचं एएलपी मिसळतं आणि आकडा दुपटीपर्यंत जाऊ शकतो, गॅमा जीटी मात्र वाढत नाही. ओ किंवा बी रक्तगटाच्या बऱ्याच लोकांत तेलकट-तुपकट जेवणानंतर आतड्यातलं एएलपी रक्तात उतरतं. वाढ थोडीच असेल तर उपाशीपोटी पुन्हा रक्त देणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. नुकतं हाड मोडलं होतं का, हेही विचारायला हवं. ते जुळताना एएलपी काही आठवडे चढलेलं राहतं.

उलट दिशेचा एक अपवादही सांगून ठेवतो. लहान मुलांत जन्मजात पित्त तुंबण्याचे काही दुर्मीळ आजार असे आहेत की कावीळ आणि प्रचंड खाज असूनही गॅमा जीटी नॉर्मल राहतं. मूल पिवळं पडलेलं असताना नॉर्मल गॅमा जीटीवर यकृताला निर्दोष सोडायचं नसतं.

हे सगळं बाजूला काढलं की हाड उरतं. हाड बांधणाऱ्या पेशी, ऑस्टिओब्लास्ट, एएलपी वापरतात ते एक अडसर दूर करायला. पायरोफॉस्फेट नावाचा रेणू हाडात क्षार बसू देत नाही. एएलपी तो तोडतं आणि बांधकाम पुढे सरकतं. म्हणून रक्तातलं हाडाचं एएलपी म्हणजे बांधणाऱ्या पेशींच्या धावपळीचा अंदाज. हाड नुसतं झिजत असेल तर ते वाढत नाही. साध्या ऑस्टिओपोरोसिसमध्ये एएलपी नॉर्मल असतं, आणि मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगात हाडाला भोकं पडलेली असूनही ते बहुतेकदा नॉर्मल असतं, कारण तिथे तोडणाऱ्या पेशी जोरात असतात आणि बांधणाऱ्या थंड. प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरला तर मात्र तिथे नवं हाड वेडंवाकडं बांधलं जातं आणि एएलपी चढतं. पॅजेटच्या आजारात हाड सतत जोरात तोडलं आणि बांधलं जातं, तिथे ते अनेक पटींनी चढू शकतं.

आपल्या 47 वर्षांच्या बाईंकडे परत जाऊ. गॅमा जीटी 19 आल्यावर पुढच्या तपासण्या हाडांच्या झाल्या. कॅल्शियम 8.4, किंचित कमी. फॉस्फरस 2.2, कमी. क्रिएटिनिन नॉर्मल, म्हणजे मूत्रपिंड ठीक. व्हिटॅमिन डी 7 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, फारच कमी, पॅराथायरॉइड हार्मोन 168, मर्यादेच्या अडीच पट. हे आकडे एकमेकांना धरून आहेत. डी नाही म्हणून आतड्यातून कॅल्शियम शोषलं जात नाही. कॅल्शियम घसरायला लागलं म्हणून पॅराथायरॉइड ग्रंथी जोर लावतात. तो हार्मोन कॅल्शियम कसंबसं सावरतो, पण मूत्रपिंडातून फॉस्फेट बाहेर टाकतो. आता हाडात बसवायला ना पुरेसं कॅल्शियम आहे ना फॉस्फेट. ऑस्टिओब्लास्ट मऊ सांगाडा घालत राहतात, तो पक्का होत नाही, आणि एएलपीचं उत्पादन मात्र वाढतच जातं. मोठ्या माणसाचा मुडदूसच म्हणायचा, ऑस्टिओमलेशिया. जांघेजवळच्या हाडाच्या एक्स-रेमध्ये एक आडवी, अस्पष्ट, फिकट रेघ होती. लूझर झोन म्हणतात तिला. 'थोडं दुखतंय' म्हणून आठ महिने चालत राहिलेल्या हाडाची ती अर्धवट चीर. जिना का चढवत नव्हता हेही आता कळलं. डी आणि फॉस्फेट कमी पडले की मांड्या-कमरेचे स्नायूही दुबळे होतात.

व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम सुरू झालं. सहा आठवड्यांनी त्या परत आल्या, दुखणं निम्मं झालं होतं. हातात नवा रिपोर्ट होता आणि चेहरा मात्र उतरलेला, कारण एएलपी 301 झालं होतं. औषध बंद करू का, असं विचारत होत्या. बंद करायचं कारणच नव्हतं. इतके महिने अडकून पडलेलं बांधकाम साहित्य मिळाल्यावर जोरात सुरू झालं होतं, आणि अशा वेळी एएलपी उतरण्याआधी थोडं चढू शकतं. दुखणं कमी होतंय, फॉस्फरस 3.1 वर आलाय, पॅराथायरॉइड हार्मोन उतरतोय, हे तीन पुरावे त्या एका आकड्यापेक्षा वजनदार होते. तिसऱ्या महिन्यात एएलपी 236, सहाव्यात 158, दहाव्यात 109. एक्स-रेमधली रेघ भरून आली.

पित्ताशयातला तो 9 मिलिमीटरचा खडा अजून तिथेच आहे. त्याने कधी काही त्रास दिला नव्हता, म्हणून त्याला कुणी हात लावला नाही.